पहिलं पान हाताशी ठेव

चि. भाचीस,

तुझ्या आईकडून कळलं की यंदा मंडळाच्या दिवाळी अंकाचे लेख आधी तुझ्याकडे येणार आणि तुझे शेरे पाहून लेखक ते पुन्हा लिहिणार. या कामातलं मला जे ठाऊक आहे ते आत्ताच सांगून ठेवते. यातलं निम्मं माझं नाही. आमचे काका बेळगावच्या एका छापखान्यात, शिशाचे खिळे जुळवायच्या काळापासून, मुद्रितं तपासायचे. सुट्टीत त्यांच्या टेबलाशी बसून ऐकलेलं ते निम्मं. उरलेलं इथं जयनगरात लोकांचे लेख वाचताना समजत गेलं.

आधी हे लक्षात घे, की लेख वाईट शेऱ्यांनी फारसा बिघडत नाही. वाईट शेरा लेखक ऐकतच नाही. रास्त वाटणारा शेरा तो ऐकतो, आणि अशा चार रास्त शेऱ्यांवरून चार वेळा लिहिलेला लेख शेवटी भलतंच सांगायला लागतो. दर खेपेला भाषा जरा गुळगुळीत होते, अर्थ जरासा सरकतो, आणि सरकलेलं कुणाच्या नजरेला येत नाही. एका परिच्छेदावरच दाखवते.

सातव्या ब्लॉकातल्या एका इंजिनिअर गृहस्थांनी बंगळुरातल्या मराठी खुणांवर एका अंकासाठी लेख लिहिला होता. त्यांच्या पहिल्या मसुद्यात असं होतं:

> 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने बंगळूरचा किल्ला घेतला. त्या फौजेत शहाजीराजे होते. पुढे बंगळूर त्यांना जहागीर म्हणून मिळाले व त्यांचे येथे वास्तव्य होते. त्यांच्यानंतर ही जहागीर त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे आली. मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वर देवळाजवळच्या 1669 च्या शिलालेखात व्यंकोजींनी देवळाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे.

भाषा कोरडी आहे, मान्य. पण एकेक शब्द कसा जागच्या जागी आहे बघ. किल्ला कुणी घेतला, शहाजीराजे त्यात कोण होते, बंगळूर त्यांच्याकडे कुठल्या नात्यानं आलं, व्यंकोजींनी काय दिलं आणि ते आपल्याला कशावरून कळतं, हे सगळं त्यात आहे.

हा मसुदा एकामागून एक तिघांनी वाचला. पहिल्यानं लिहिलं, 'नावं फार आहेत, वाचक गोंधळतो.' लेखकानं रणदुल्लाखान काढला. आता वाक्यात किल्ला घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून वाक्य झालं 'शहाजीराजांच्या फौजेनं किल्ला घेतला'. दुसऱ्या वाचकानं लिहिलं, 'भाषा सरकारी वाटते, जिवंत करा.' मग 'दिल्याची नोंद आहे' गेलं आणि 'व्यंकोजींनी देवळाला मोठं दान दिलं' आलं. गावाचं अवघड नाव त्याच झटक्यात गेलं, शिलालेखही गेला. तिसऱ्यानं लिहिलं, 'बंगळुरातल्या मराठी माणसाला हे वाचून अभिमान वाटला पाहिजे.' चौथा मसुदा आला तो असा:

> 1638 साली शहाजीराजांनी बंगळूर जिंकलं आणि इथं मराठ्यांचं राज्य सुरू झालं. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी मल्लेश्वरमचं सुंदर काडु मल्लेश्वर मंदिर उभारलं.

वाचायला छान आहे. पण फौज आदिलशाहीची होती, मुख्य सरदार रणदुल्लाखान होता. जहागीर म्हणजे स्वतंत्र राज्य नव्हे. आणि शिलालेख गाव दिल्याचं सांगतो, देऊळ उभारल्याचं सांगत नाही. व्यंकोजींनीच ते बांधलं असं लोक बोलतात, ते लोक बोलतात म्हणून लिहिता येईल. पण शिलालेखाच्या आधारावर तसं म्हणता येत नाही. तिन्ही वाचक समंजस होते, लेखक अभ्यासू होता, खोटं कुणालाच लिहायचं नव्हतं. झालं काय, तर दुसऱ्या वाचकानं दुसराच मसुदा पाहिला आणि तिसऱ्यानं तिसराच. पहिलं पान पुन्हा कुणी उघडलं नाही. शेजारशेजारच्या दोन मसुद्यांत फरक इतका थोडा असतो की तो सुधारणाच वाटतो. पहिला आणि चौथा एकमेकांशेजारी ठेवले तरच कळतं की लेख कुठून निघून कुठे पोचलाय.

तेव्हा पहिला कानमंत्र असा, की लेख हातात घेण्याआधी लेखकाकडून एक वेगळं पान मागून घे. त्यावर त्याला काय म्हणायचंय ते त्यानं दोन-तीन साध्या वाक्यांत लिहावं. त्याखाली, काही झालं तरी हलता कामा नये अशा गोष्टी लिहाव्यात. काका याला 'मूळ पान' म्हणत. आमच्या या परिच्छेदाचं मूळ पान असं झालं असतं: 'बंगळूरशी भोसले घराण्याचा संबंध आदिलशाहीच्या जहागिरीमुळे आला. त्या संबंधाचा एक लेखी पुरावा आजही मल्लेश्वरममध्ये आहे.' आणि हलवू नयेत अशा गोष्टी: किल्ला घेणारा रणदुल्लाखान, शहाजीराजे जहागीरदार, व्यंकोजींनी दिलं ते गाव, आणि ते आपण शिलालेखावरून सांगतोय.

लेखक कुरकुरतील. 'लेखातच सगळं आहे की,' म्हणतील. तरी घेच. दोन वाक्यं लिहिताना पुष्कळांना तिथंच कळतं की आपल्याला नक्की काय म्हणायचंय हे अजून ठरलेलंच नाही. तसं असेल तर शेरे देण्याची वेळ आलेली नाही, आधी बोलून घ्यायची वेळ आहे. फोनवर अर्धा तास बोल, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून जे वाक्य ठामपणे निघेल ते त्यालाच लिहून घ्यायला सांग. तू लिहू नकोस. तू लिहिलंस तर ते तुझं मूळ पान होतं आणि पुढचा सगळा लेख तुझ्या म्हणण्याच्या मापानं कापला जातो.

यादी करताना लोक नावं आणि सनावळ्या आठवणीनं लिहितात. पण सगळ्यात आधी निसटतात ते 'बहुधा', 'असं म्हणतात', 'नोंद आहे', 'काही वर्षं', 'त्यांपैकी एक' यांसारखे शब्द. वाक्य लहान करायला घेतलं की कात्री पहिल्यांदा यांच्यावरच चालते, कारण ते काढले तरी वाक्य मोडत नाही. फक्त लेखक जे अंदाजानं म्हणत होता ते तो आता छातीठोक म्हणतोय असं होतं. म्हणून पहिल्या मसुद्यात असे शब्द दिसले की त्यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढून ठेव. नव्या मसुद्यात आधी त्या रेघा कुठे गेल्या ते शोध. असा शब्द कधी काढावाही लागतो, पण तो माहितीनं काढावा. वाक्य छोटं व्हावं म्हणून काढू नये.

मग लेख वाच. पहिलं वाचन हातात काही न घेता. फोनवर वाचत असलीस तर शेरा टाकायचं बटण दाबायचंच नाही. वाचून झालं की लेख बंद कर आणि 'मला हे समजलं' म्हणून तीन-चार वाक्यं लिही. आठवून लिही, पुन्हा पाहू नकोस. लेखकाला तुझ्याकडून मिळणारी सगळ्यात कामाची वस्तू हीच, आणि बहुतेक वाचक तीच देत नाहीत. 'छान जमलाय' किंवा 'थोडा कोरडा आहे' यावरून लेखकाला काय करायचं ते कळत नाही. 'तुमच्या लेखावरून मला असं समजलं की देऊळ व्यंकोजींनी बांधलं' एवढं एक वाक्य वाचलं की तो दचकतो आणि नेमका त्या ओळीवर जातो. तुझं समजणं आणि त्याचं मूळ पान यांत जिथं फट दिसेल, तिथंच आधी काम करायचं.

त्यानंतर पेन्सिल घे. शेरे तीन जातींचे असतात आणि प्रत्येकावर त्याची जात लिहायची. काका समासात एकेक अक्षर टाकत: 'चू' म्हणजे चूक, 'अ' म्हणजे इथं मी अडलो, आणि 'आ' म्हणजे माझी आवड. चूक असेल तर आधार द्यायचा. कुठल्या ग्रंथात, कुठल्या पानावर वेगळं आहे ते लिहायचं. नुसतं 'हे बरोबर नाही' चालत नाही. अडलं असेल तर कुठल्या शब्दापाशी आणि काय प्रश्न पडला ते लिहायचं. आणि आवड असेल तर आवड आहे असं सरळ लिहायचं, म्हणजे लेखकाला ती निर्धास्तपणे बाजूला ठेवता येते. गोंधळ होतो तो आवड जेव्हा चूक दाखवल्याच्या आवाजात सांगितली जाते तेव्हा. 'भाषा सरकारी वाटते' ही आवड होती. लेखकाला ती चूक वाटली, आणि दुरुस्त करायला जाऊन त्यानं नेमका पुरावाच काढून टाकला.

त्या तिघांच्या शेऱ्यांमागे खरी अडचण होती, हेही खरं. ती नीट सांगितली असती तर लेख सुधारला असता. पहिला वाचक 'नावं फार आहेत' म्हणाला, पण चार-पाच नावांनी वाचक गोंधळत नाही. गोंधळतो तो कोण कुणाच्या हाताखाली हे न कळल्यानं. तेव्हा शेरा असा हवा होता: 'अ. रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांचं नातं काय? किल्ला आधी कुणाचा होता?' दुसऱ्याच्या शेऱ्यामागची अडचण अशी, की 'गाव दिल्याची नोंद आहे' हे वाचून आजच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. त्यानं विचारायला हवं होतं: 'अ. देवळाला गाव दिलं म्हणजे देवळाला नक्की काय मिळालं?' आणि तिसऱ्याला अभिमान हवा होता, तो कुणाच्या म्हणण्यानं वाटत नाही. त्याला विचारता आलं असतं: 'अ. हा शिलालेख आज जाऊन बघता येतो का?' असे प्रश्न आले की लेखक काढाकाढी करत नाही, भर घालतो. या प्रश्नांवरून तो परिच्छेद असा होतो:

> बंगळूरचा किल्ला केम्पेगौडांच्या घराण्याकडे होता. 1638 मध्ये आदिलशाही फौजेनं तो घेतला. फौजेचा मुख्य रणदुल्लाखान, आणि शहाजीराजे त्याच्याबरोबर आलेले सरदार. जिंकलेला मुलूख सांभाळायला मात्र शहाजीराजांकडे आला, जहागीर म्हणून. ते इथं राहिले, आणि त्यांच्यामागे जहागीर व्यंकोजींकडे गेली. त्या दिवसांची एक खूण मल्लेश्वरममध्ये काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळ आहे. 1669 च्या त्या शिलालेखात व्यंकोजींनी देवळाला मेदरनिंगनहळ्ळी गाव दिल्याचं कोरलेलं आहे. गाव दिलं म्हणजे त्या गावचं उत्पन्न देवाच्या पूजेअर्चेला लावून दिलं.

मूळ पानाशी ताडून बघ. किल्ला घेणारा जागेवर आहे, जहागीर जागेवर आहे, गाव आहे, शिलालेख आहे. लांबी वाढली, पण आता कुणाला गोंधळ होणार नाही. आणि 'कोरलेलं आहे' या शब्दांनी 'नोंद आहे' याचं काम केलं. आधार शाबूत राहिला आणि भाषेतली सरकारी छटा गेली.

आता एक पथ्य सांगते, ते पाळायला सगळ्यात अवघड जाईल. लेखकाच्या वाक्याशेजारी आपलं तयार वाक्य लिहून देऊ नकोस. तुला ते चटकन सुचेल, आणि बहुतेक वेळा ते त्याच्या वाक्यापेक्षा सफाईदारही असेल, कारण तुला फक्त एका वाक्याची काळजी असते आणि त्याला बारा परिच्छेदांची. पण दिलेलं वाक्य लेखक जसंच्या तसं उचलतो. तो दमलेला असतो, मुदत जवळ आलेली असते. मग त्या वाक्यात तू नकळत जो अर्थ घातलास तो लेखाचा होतो आणि त्याला साजेसं करायला पुढची दोन वाक्यंही बदलतात. मुंबईत 'सत्यकथा' आणि 'मौज'चे संपादक श्री. पु. भागवत, आणि त्यांच्याबरोबरचे राम पटवर्धन, लेखकांना सविस्तर पत्रं लिहून शंका विचारत, सूचना करत आणि पुनर्लेखन लेखकाकडूनच करून घेत. 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद पडलं, तरी तिथं लिहिलेली माणसं त्या पत्रांची आठवण काढत राहिली. शंका आपली, वाक्य लेखकाचं, हीच ती रीत. शब्द खटकला तर तो का खटकला ते सांग. फारच झालं तर 'असं काहीतरी म्हणायचंय का, की याच्या उलट?' म्हणून दोन वेगवेगळे अर्थ समोर ठेव आणि निवड त्याच्यावर सोड. एकच पर्याय पुढे केला तर तो हुकूम होतो.

शुद्धलेखनाचं तेवढं निराळं. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला अनुस्वार, हंसपद घालून टाकायचा राहिलेला शब्द, हे सरळ दुरुस्त करून टाक, त्यात विचारायचं काही नाही. पण तेही शेवटच्या फेरीत. पहिल्याच फेरीत ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलंस तर लेखकाला लेख जवळजवळ झाला असं वाटतं आणि अख्खा परिच्छेद काढायची गरज असली तरी त्याचा हात धजत नाही. आधी लेखाचं म्हणणं, मग परिच्छेदांचा क्रम, मग वाक्यं, मग अक्षरं.

एका फेरीत शेरे मोजके दे. बाराशे शब्दांच्या लेखावर चाळीस शेरे गेले की लेखक सोपे तेवढे उरकतो आणि अवघड दोन तसेच राहतात. मी पाच-सहाच्या पुढे जात नाही, आणि त्यातही पहिला कुठला घ्यायचा ते लिहिते. शिवाय जे हलवायचं नाही त्यावरही खूण करते. चांगल्या वाक्यांबद्दल आपण गप्प बसतो, आणि लेखकाला वाटतं की शेरा नाही म्हणजे हे वाक्य असलं काय नि नसलं काय. पुढच्या खेपेला तेच वाक्य गायब झालेलं असतं. 'हे ठेवा, यामुळे मला पुढचं समजलं' असं कारणासकट लिहिलं की ते वाचतं.

इथल्या लेखांत एक जास्तीची अडचण येते. लेख जयनगरातला, आणि वाचणारा कधी पुण्याचा, कधी नागपूरचा. 'चौथ्या ब्लॉकात, अकराव्या मेनवर तिसाव्या क्रॉसपाशी' असं कुणी लिहिलं, तर पुण्याचा वाचक क्रॉसचा चौक करतो आणि चौथ्या ब्लॉकची चौथी इमारत. बंगळुरात क्रॉस म्हणजे मेनला आडवा जाणारा रस्ता आणि ब्लॉक म्हणजे वस्तीचा मोठा भाग. त्या दुरुस्तीनंतर लेखातल्या पत्त्यावर कुणी पोचणार नाही. आपल्याला जे समजत नाही ते बदलायचं नसतं, तिथं 'अ' लिहून विचारायचं असतं. लेखक तो शब्द ठेवील आणि वाटलं तर शेजारी अर्ध्या ओळीत उलगडा करील. तू इथली आहेस, त्यामुळे तुला हा प्रश्न कमी येईल. पण सांगलीच्या किंवा गोव्याच्या लेखावर बसशील तेव्हा तूही तिथं बाहेरचीच.

वाचक दोन-तीन असले तर सगळ्यांचे शेरे सरळ लेखकाकडे जाऊ देऊ नकोस. व्हॉट्सअॅपच्या गटावर मसुदा टाकून 'मतं कळवा' म्हणणं तर टाळच. एक म्हणतो वाढवा, दुसरा म्हणतो कापा, आणि लेखक दोघांचं मन राखायला जातो. सगळे शेरे आधी तुझ्याकडे घे, मूळ पान समोर ठेव आणि दर शेऱ्याला एकच विचार: हा पाळल्यानं मूळ पानावरचं म्हणणं जास्त स्पष्ट होतं का? होत असेल तो पुढे जातो. न होणारा, पण निरुपद्रवी असा शेरा 'आ' म्हणून जातो. मूळ पानाच्या विरुद्ध जाणारा तुझ्यापाशीच थांबतो, आणि का थांबवला ते त्या वाचकाला कळवायचं. दोन वाचक एकाच जागी उलटसुलट बोलत असले, तर दोघांना काय समजलं होतं ते विचार. पुष्कळदा ती जागा खरंच धूसर असते, आणि वाढवणं किंवा कापणं हा दोन्ही बाजूंचा नुसता तर्क असतो.

नवा मसुदा आला की तो आदल्या मसुद्याशी ताडून बघायचा मोह होईल, कारण आपले शेरे पाळले की नाहीत हे आपल्याला बघायचं असतं. ते नंतर बघ. आधी पहिला मसुदा आणि मूळ पान काढ. काका या बाबतीत एकनाथांचं उदाहरण देत. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या जात होत्या, दर उतारा आदल्या उताऱ्यावरून, आणि पाठ बिघडत चालले होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती मिळवून, ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात पुढे कुणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. आपल्याला तेवढे कष्ट नाहीत. मूळ मसुदा लेखकाकडेच असतो, फक्त तो जपून ठेवायचा. गूगल डॉक्सवर काम करत असाल तर पहिल्या मसुद्याची वेगळी प्रत काढून तिच्या नावात 'मूळ' असं लिही आणि तिच्यात कुणालाच बदल करता येणार नाही असं करून ठेव. बदल थेट मजकुरात न करता सूचना म्हणून दिसतील अशी सोय तिथं आहे, ती सगळ्या वाचकांना लावून दे. म्हणजे कुणी काय हलवलं ते लपत नाही.

ताडताना सगळा लेख शब्दागणिक बघायची गरज नसते. यादीतल्या गोष्टी एकेक करून नव्या मसुद्यात बोटानं दाखवता आल्या पाहिजेत. क्रियापदं बघ: 'मिळालं'चं 'मिळवलं' झालं का, 'दिलं'चं 'बांधलं' झालं का. कर्ता कोण ते बघ. आणि पहिल्या मसुद्यात नसलेलं काही विशेषण किंवा विधान आलं असेल तर 'हे कुठून आलं?' एवढंच विचार. आमच्या परिच्छेदातलं 'सुंदर' असंच कुठून तरी आलं होतं.

मूळ पान चुकीचं असेल तर? असतंही. त्याच लेखात दुसरीकडे शहाजीराजे अखेरपर्यंत बंगळुरात राहिले आणि इथंच वारले असं लिहिलं होतं. ते 1664 मध्ये होदिगेरे इथं वारले. हे गाव आज दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यात येतं आणि त्यांची समाधीही तिथंच आहे. हा 'चू' झाला, आधारासकट. पण नुसतं ते वाक्य बदलून भागत नाही. लेखाचं एखादं म्हणणं त्या चुकीवर उभं असेल, तर लेखकाला बसवून मूळ पानच बदलायला लाव. जुन्या ओळीवर रेघ, नवी ओळ खाली, शेजारी तारीख आणि लेखकाची सही. त्यापुढे सगळं ताडणं या नव्या ओळीशी. म्हणणं बदलायला माझी हरकत कधीच नसते, लेखकाला लिहिता लिहिता नवं सुचतं आणि ते जुन्यापेक्षा चांगलं असू शकतं. फक्त ते त्यानं ठरवून बदललेलं असावं.

लेख पुरता झाला असं वाटलं की एकदा तो अशा माणसाला दे ज्यानं आधीचा एकही मसुदा पाहिलेला नाही. तू आणि लेखक आता उपयोगाचे नाहीत. जे कागदावर नाही तेही तुम्हाला त्यात दिसतं. त्या माणसाला मत विचारू नकोस, प्रश्न विचार. किल्ला कुणी घेतला? बंगळूर शहाजीराजांकडे कसं आलं? देवळाला काय मिळालं, आणि हे आपल्याला कशावरून कळतं? उत्तरं मूळ पानाशी जुळली तर लेख पुढे जाऊ दे. एखादं चुकलं तर त्या एकाच जागेसाठी आणखी एक फेरी कर, बाकी लेखाला हात लावू नकोस.

आणि फेऱ्या थांबवायच्या कधी, तर तिसऱ्या फेरीत काढलेला शब्द चौथ्या फेरीत परत यायला लागला, किंवा तुझ्या शेऱ्यांत 'आ' सोडून दुसरं अक्षरच उरलं नाही, की लेख लेखकाच्या स्वाधीन कर. पुढचं मुद्रित हातात आलं की मूळ पान त्याच्यासोबत पिनेनं लावून ठेव. छापखान्यात जागा कमी पडली म्हणून ओळी कापायची वेळ अगदी शेवटच्या रात्री येते, आणि तेव्हा लेखक फोनवर सापडतोच असं नाही.

तुझी,
आत्या